आकाशाच्या दोन टोकांचं तापमान सारखं कसं?

आकाशातली अगदी रिकामी वाटणारी जागा निवडा. तिथे तारा नको, दीर्घिका नको, धुळीचा ढगही नको. सूक्ष्मलहरी टिपणारी दुर्बीण तिकडे वळवली, तर तिथूनही एक मंद प्रारण येताना दिसतं. त्याचं तापमान २.७२५ केल्विन, म्हणजे उणे २७० अंश सेल्सियसच्या थोडंसं खाली. आता दुर्बीण बरोबर उलट दिशेला फिरवा. तिथेही २.७२५. डावीकडे, उजवीकडे, कुठेही वळवा, आकडा तोच.

१९६४ मध्ये न्यू जर्सीतल्या होल्मडेल इथे आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांना हे प्रारण पहिल्यांदा सापडलं. अँटेनातली खरखर काही केल्या जाईना आणि ती सगळ्या दिशांनी सारखीच येत होती. पुढे १९८९ मध्ये सोडलेल्या कोबे उपग्रहाने तापमान फार बारकाईने मोजलं. आपली सूर्यमाला या प्रारणाच्या संदर्भात सेकंदाला सुमारे ३७० किलोमीटर वेगाने सरकते आहे. त्यामुळे पुढची बाजू किंचित गरम आणि मागची किंचित गार दिसते. तेवढा भाग वजा केला की उरणारे फरक लाखात काही भाग एवढेच असतात.

हे प्रारण विश्व ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना निघालं. त्याआधी विश्व म्हणजे तापलेला, अपारदर्शक प्लाझ्मा होता आणि प्रकाश मोकळ्या इलेक्ट्रॉनवर आपटत अडकून पडत होता. तापमान ३००० केल्विनपर्यंत उतरल्यावर इलेक्ट्रॉन अणूंमध्ये बांधले गेले, वाट मोकळी झाली आणि प्रकाश सुटला. तेव्हापासून अवकाश सुमारे ११०० पट ताणलं गेलं आहे, म्हणून ३००० केल्विनचा तो प्रकाश आज पावणेतीन केल्विनचा झाला आहे. थोडक्यात, दोन दिशांचं तापमान सारखं आहे याचा अर्थ असा, की त्या दोन दिशांचा प्लाझ्मा त्या वेळी जवळजवळ नेमक्या एकाच तापमानाला होता.

यात नवल काय, असं वाटेल. खोलीत ठेवलेला गरम चहा आणि खोलीतली हवा काही वेळाने एकाच तापमानाला येतातच. येतात, पण त्यासाठी उष्णता एकाकडून दुसऱ्याकडे जावी लागते आणि त्याला वेळ लागतो. विश्वाच्या बाबतीत ही देवाणघेवाण कितीही झपाट्याने झाली, तरी प्रकाशाच्या वेगापेक्षा जास्त वेगाने होऊ शकत नाही. म्हणून खरा प्रश्न हिशेबाचा आहे. आकाशातल्या त्या दोन ठिकाणांना एकमेकांची खबर पोचायला तरी वेळ मिळाला होता का?

हिशेब करून बघू. एक ठिकाण ध्रुवताऱ्याच्या दिशेचं घ्या आणि दुसरं बरोबर विरुद्ध, दक्षिण खगोलीय ध्रुवाच्या दिशेचं. पहिल्याला उत्तर म्हणू, दुसऱ्याला दक्षिण. दोन्हीकडून निघालेला प्रकाश १३८० कोटी वर्षं प्रवास करून आज आपल्यापाशी पोचतो आहे. जिथून तो निघाला तिथलं द्रव्य आज आपल्यापासून सुमारे ४६०० कोटी प्रकाशवर्षं दूर आहे, कारण प्रवास चालू असताना मधलं अवकाश ताणलं जात होतं. प्रकाश सुटला तेव्हा सगळी अंतरं आजच्या ११०० पट कमी होती. भागाकार केला तर उत्तर ठिकाण तेव्हा आपल्या जागेपासून सुमारे ४ कोटी २० लाख प्रकाशवर्षं दूर होतं. दक्षिणही तेवढंच. म्हणजे दोघांमध्ये ८ कोटी ४० लाख प्रकाशवर्षं.

आता दुसरी बाजू. विश्वाच्या आरंभी निघालेली एखादी खबर तोपर्यंत किती लांब गेली असती? विश्वाचं वय ३ लाख ८० हजार वर्षं, पण खबरीने मागे टाकलेलं अवकाशही ताणलं जात असल्यामुळे ती पोचलेली असते सुमारे ८ ते ९ लाख प्रकाशवर्षं अंतरावर. या मर्यादेला त्या वेळचं क्षितिज म्हणतात. अंतर ८४० लाखांचं आणि पोच जेमतेम ९ लाखांची. उत्तर आणि दक्षिण यांच्यामध्ये अशी जवळजवळ शंभर क्षितिजं एकापुढे एक मावतात.

इतक्या टोकाची उदाहरणं घ्यायचीही गरज नाही. ते क्षितिज आज आपल्या आकाशात सुमारे एका अंशाएवढं दिसतं, म्हणजे पौर्णिमेचे दोन चंद्र शेजारी शेजारी ठेवल्यावर होईल तेवढं. आकाशात दोन-अडीच अंशांपेक्षा लांब असलेल्या कुठल्याही दोन ठिकाणांचा, या हिशेबाप्रमाणे, तोवर काहीही संबंध आलेला नव्हता. ना थेट, ना एखाद्या तिसऱ्या जागेमार्फत. असे हजारो तुकडे आकाशभर पसरलेले, कुणी कुणाला ओळखत नाही, आणि सगळ्यांचं तापमान मात्र दशांश चिन्हानंतर चार-चार आकड्यांपर्यंत जुळतं. खगोलशास्त्रात याला क्षितिजाची समस्या म्हणतात.

इथे बहुतेकांच्या मनात एक उत्तर येतं: महास्फोटाच्या वेळी सगळं अगदी जवळजवळ होतं, तेव्हाच तापमान सारखं झालं असणार. हे उत्तर इतकं पटण्यासारखं आहे की ते चुकीचं का, हे नीट बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये. माझ्या मते या विषयाची खरी किल्ली इथेच आहे.

सुरुवातीच्या विश्वात प्रारणाचं राज्य होतं. तेव्हा प्रसरणाचा नियम असा होता: काळात मागे जात वय एक-चतुर्थांश केलं, तर कुठल्याही दोन ठिकाणांमधलं अंतर निम्मं होतं. पण खबरीची पोच वयाच्या प्रमाणात असते, ती एक-चतुर्थांश होते. म्हणजे मागे जावं तशी ठिकाणं जवळ येतात हे खरं, पण पोच त्याहून वेगाने आखडते. ती दोघं तुलनेने एकमेकांपासून अधिकच तुटत जातात.

विश्व एक सेकंदाचं असताना पाहा. आज आपल्याला ज्या गोलाकार सीमेवरून हे प्रारण येताना दिसतं, तिच्या आतलं सगळं द्रव्य तेव्हा सुमारे १८ प्रकाशवर्षं व्यासाच्या गोळ्यात होतं. आज दिसणाऱ्या सगळ्या दीर्घिकांचं सामान तेवढ्यात! पण एका सेकंदात खबर पोचणार ती फार तर सहा लाख किलोमीटरपर्यंत. १८ प्रकाशवर्षांपुढे सहा लाख किलोमीटर म्हणजे २८ कोटींपैकी एक भाग. आधी शंभर क्षितिजांची दरी होती, ती मागे गेल्यावर २८ कोटींची झाली. आणखी मागे जा. सेकंदाचे एकावर ३५ शून्यं इतके भाग करा आणि त्यातला एकच भाग विश्वाचं वय आहे असं समजा. तेव्हा तो सगळा गोळा साधारण हातभर रुंद असेल. आणि खबरीची पोच? गोळ्याच्या रुंदीला एकावर २५ शून्यं लावलेल्या संख्येने भागलं तरी जी लांबी उरते, तिच्याहूनही कमी. सगळं जवळ होतं, यात शंका नाही. पण आपसात बोलायला मिळालेला वेळ त्याहून कितीतरी पटींनी कमी होता.

तेव्हा पर्याय दोन उरतात. एक तर विश्व आरंभापासूनच सारखं होतं, असं मानून गप्प बसायचं. किंवा प्रसरणाचा तो नियम अगदी आरंभापर्यंत लागू नव्हता, असं म्हणायचं.

१९७९ च्या डिसेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्डच्या कणत्वरक केंद्रात ॲलन गूथ हा तरुण भौतिकशास्त्रज्ञ खरं तर वेगळ्याच गोष्टीच्या मागे होता. मूलकणांच्या काही सिद्धान्तांप्रमाणे विश्वात चुंबकीय एकध्रुव नावाचे जड कण भरमसाट असायला हवे होते, आणि ते तर कुठे दिसत नाहीत. हेन्री टाय या सहकाऱ्याबरोबर तो हे कोडं सोडवत होता. ६ डिसेंबरच्या रात्री गणित करताना त्याच्या लक्षात आलं, की त्यांनी गृहीत धरलेल्या अवस्थेत विश्व प्रचंड वेगाने फुगायला लागतं, आणि तसं फुगल्यावर अवकाश इतकं सपाट, म्हणजे जवळजवळ वक्रता नसलेलं, का, या दुसऱ्या जुन्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळतं. क्षितिजाची समस्या त्याला तेव्हा माहीतही नव्हती. काही आठवड्यांनी जेवताना सहकाऱ्यांच्या गप्पांतून ती त्याच्या कानावर आली आणि तीही याच फुगण्याने सुटते, हे त्याने ताडलं. १९८१ च्या जानेवारीत त्याचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. सोव्हिएत रशियात अलेक्सेई स्टारोबिन्स्की याच सुमारास वेगळ्या वाटेने अशाच प्रसरणापर्यंत पोचले होते. या अवस्थेला इन्फ्लेशन म्हणतात, मराठीत महाप्रसरण म्हणू.

महाप्रसरण नेमकं काय बदलतं? तर वरच्या हिशेबातला नियम उलटा करतं. या काळात ठरावीक वेळाने सगळी अंतरं दुप्पट होत जातात: दोनाची चार, चाराची आठ. पण नव्याने निघालेली खबर गाठू शकेल अशी लांबी जवळजवळ स्थिर राहते. म्हणून आता मागे जाताना ठिकाणं झपाट्याने जवळ येतात आणि पोच मात्र आखडत नाही. त्या हातभर गोळ्यापासून मागे निघा. ८७ वेळा निम्मा केला की तो एकावर २६ शून्यं इतक्या पटींनी लहान होतो आणि त्या वेळच्या पोचेच्या आत आरामात बसतो. उत्तर आणि दक्षिण इथे खरोखर एका जागी आहेत, एकमेकांच्या सहवासात आहेत. तापमान सारखं व्हायला अडचण उरत नाही. मग महाप्रसरण त्यांना वेगळं करतं, इतक्या दूर नेतं की १३८० कोटी वर्षांनी, ती एकमेकांना दिसत नसताना, आपण मधे उभे राहून दोघांनाही बघतो आणि त्यांची कधी गाठच पडली नसणार असं समजतो.

या ८७ दुपटींना लागणारा वेळ सेकंदाच्या एकावर ३३ शून्यं इतक्या भागांपैकी एखाद्या भागाच्या आसपास येतो. हे आकडे महाप्रसरण वर घेतलेल्या क्षणी, फार मोठ्या ऊर्जेला संपलं असं धरून आहेत. महाप्रसरण कमी ऊर्जेला झालं असेल तर दुपटी थोड्या कमी पुरतात. आणि प्रकाशापेक्षा जास्त वेगाने काही पळालं का, अशी शंका आली असेल तर उत्तर नाही असंच आहे. अवकाशातून जाणाऱ्या वस्तूंना वेगमर्यादा आहे. दोन वस्तूंमधलं अवकाशच वाढत असेल, तर त्या वाढीला सापेक्षतेचा सिद्धान्त तशी मर्यादा घालत नाही.

पण अवकाश असं वाढेल कशामुळे? साधं द्रव्य असलं की प्रसरणाबरोबर ते विरळ होतं आणि गुरुत्वाकर्षण प्रसरणाला लगाम घालतं. महाप्रसरणासाठी अशी ऊर्जा हवी जी अवकाश वाढलं तरी विरळ होत नाही. घनता तीच राहते आणि दाब ऋण असतो. आइन्स्टाइनच्या समीकरणांत गुरुत्वाकर्षण केवळ घनतेवर ठरत नाही, घनता अधिक दाबाची तिप्पट यांवर ठरतं. दाब पुरेसा ऋण असला की ही बेरीज ऋण होते आणि गुरुत्वाकर्षण ओढण्याऐवजी ढकलायला लागतं. एखाद्या क्षेत्रात साठलेली स्थितिज ऊर्जा नेमकी अशी वागते. त्या क्षेत्राला इन्फ्लेटॉन हे नाव आहे.

स्थिर घनता आणि घातांकी, म्हणजे ठरावीक वेळाने दुप्पट होत जाणारं, प्रसरण ही जोडी मराठी वाचकांना अगदीच अनोळखी नाही. फ्रेड हॉइल आणि जयंत नारळीकर यांनी १९६० च्या दशकात स्थिर स्थितीच्या विश्वासाठी ऋण ऊर्जेचं एक क्षेत्र मांडलं होतं, त्यातही विश्व असंच प्रसरण पावतं. फरक असा, की तिथे ते कायमचं आहे आणि इथे क्षणभराचं. नारळीकरांना महास्फोटाचं चित्र कधीच पटलं नाही, तरी त्यांच्या त्या गणिताचा धागा इथे ओळखू येतो हे नोंदवायलाच हवं.

क्षणभराचं, हीच पुढची अडचण ठरली. सुरू झालेलं महाप्रसरण थांबवायचं कसं? गूथच्या मूळ मांडणीत ते पाणी उकळताना बुडबुडे यावेत तसं ठिकठिकाणी थांबत होतं. बुडबुड्याच्या आत नेहमीचं विश्व, बाहेर अजून महाप्रसरण. पण सगळी ऊर्जा बुडबुड्यांच्या भिंतींमध्ये अडकत होती आणि ते एकमेकांवर आदळून जे विश्व तयार होणार ते कमालीचं खडबडीत असणार होतं. एकसारखेपणा समजावायला आणलेली कल्पना शेवटी एकसारखेपणाच मोडत होती. गूथने हे आपल्या शोधनिबंधातच स्पष्ट लिहिलं. १९८२ मध्ये मॉस्कोत आंद्रेई लिंडे आणि अमेरिकेत अँड्रियास आल्ब्रेख्ट व पॉल स्टाइनहार्ट यांनी वाट काढली: क्षेत्राची ऊर्जा एका झटक्यात न पडता अगदी हळू उतरत जाते, तोवर महाप्रसरण चालू राहतं आणि आपलं सगळं दृश्य विश्व एकाच प्रदेशात मावतं. उतार संपल्यावर क्षेत्राची ऊर्जा कणांमध्ये आणि उष्णतेत बदलते. आपण ज्याला महास्फोटाचा तापलेला आरंभ म्हणतो तो इथून पुढचा.

एवढ्यावर थांबलो तर एक रास्त आक्षेप उरतो. एकसारखेपणा समजावण्यासाठीच रचलेली कल्पना एकसारखेपणा समजावते, यात काय मोठं? तिने असं काही सांगायला हवं जे आधी माहीत नव्हतं आणि तपासता येईल. तसं एक आहे, आणि ते एकसारखेपणात नसून त्या लाखात काही भाग एवढ्या फरकांमध्ये आहे.

क्वांटम नियमांमुळे इन्फ्लेटॉन क्षेत्र सगळीकडे तंतोतंत सारखं असू शकत नाही. त्यात अतिसूक्ष्म चढउतार असतात. महाप्रसरणात ते ताणले जातात आणि क्षितिजाच्या बाहेर जाऊन गोठल्यासारखे तसेच राहतात. पुढे याच चढउतारांपासून दीर्घिका बनल्या. याचा अर्थ, प्रारण सुटलं त्या वेळच्या क्षितिजापेक्षा मोठे आकृतिबंधही आकाशात दिसायला हवेत, एकमेकांशी कधी संपर्क न आलेल्या वाटणाऱ्या जागांमधले फरकही एकमेकांशी जुळलेले हवेत. आणि या चढउतारांची ताकद लहान-मोठ्या सगळ्या आकारांवर जवळजवळ सारखी हवी. अगदी सारखी नाही, कारण क्षेत्र हळूहळू उतरत होतं.

मोठे आकृतिबंध तापमानात दिसतात, पण त्यावर शंका घेता येते: प्रकाश वाटेत असताना दीर्घिकासमूहांच्या गुरुत्वाकर्षणानेही तापमानात असे फरक पडू शकतात. म्हणून ध्रुवीकरण, म्हणजे प्रकाशलहरींची आंदोलनं कुठल्या दिशेत होतात ते, बघावं लागतं. प्रकाशाचं ध्रुवीकरण इलेक्ट्रॉनवर शेवटचा आपटताना ठरतं. काही अंशांच्या कोनांवर दिसणारं ध्रुवीकरण वाटेत नंतर तयार होण्याचा प्रश्न येत नाही. २००३ मध्ये डब्ल्यूमॅप उपग्रहाच्या मोजमापांत दोन अंशांहून मोठ्या कोनांवर तापमान आणि ध्रुवीकरण यांचा संबंध सापडला, तोही अपेक्षित चिन्हाचा, म्हणजे ऋण. प्रारण सुटलं तेव्हाच क्षितिजाबाहेरच्या जागा एका सुरात होत्या, असं ही खूण सांगते. दीर्घिकांची बीजं नंतरच्या एखाद्या घडामोडीतून आली असती, तर ती दिसली नसती. ताकदीचं म्हणाल तर प्लांक उपग्रहाने तिचा घातांक ०.९६५ मोजला. सगळ्या आकारांवर तंतोतंत सारखी ताकद असती तर तो १ आला असता. एकाच्या जवळ, पण नेमका एक नाही.

मला हा पुरावा एकसारखेपणापेक्षा जास्त मोलाचा वाटतो. तरीही त्याने महाप्रसरण सिद्ध झालं असं म्हणता येत नाही. विश्व आधी आकुंचन पावून मग उसळलं, अशा काही पर्यायी मांडण्यांमध्येही क्षितिजाबाहेरचा सूर जुळवता येतो. ज्यांनी महाप्रसरण सावरलं तेच स्टाइनहार्ट आज त्याचे कडक टीकाकार आहेत. महाप्रसरण सुरू होण्यासाठी आधीच पुरेसा गुळगुळीत असा एक लहानसा प्रदेश लागतो, तो कुठून आला, हा प्रश्न त्यात सुटलेला नाही. शिवाय इन्फ्लेटॉन म्हणजे ज्ञात कणांपैकी नेमकं काय, हेही कुणी दाखवलेलं नाही.

अजून एक खूण शोधणं चालू आहे. महाप्रसरणात अवकाशाचेही चढउतार ताणले जातात, म्हणजे गुरुत्वीय लहरी तयार होतात, आणि त्या ध्रुवीकरणात पिळदार नक्षी उमटवतात. २०१४ च्या मार्चमध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ दुर्बिणीच्या गटाने ही नक्षी सापडल्याचं जाहीर केलं. वर्षभराच्या आत प्लांकच्या मोजमापांशी ताडून पाहिल्यावर कळलं, की आपल्याच आकाशगंगेतली धूळही अशी नक्षी काढते आणि सापडलेल्या संकेताचा मोठा भाग तिचाच होता. धूळ ओळखायची तर अनेक वारंवारतांवर मोजावं लागतं, कारण तिची चमक वारंवारतेबरोबर वाढण्याची रीत प्रारणापेक्षा वेगळी असते. बायसेप-२ ने एकाच वारंवारतेवर मोजलं होतं.

त्यानंतरच्या मोजमापांनी या लहरींची ताकद घनतेच्या चढउतारांच्या तुलनेत ३.६ टक्क्यांहून कमी असल्याचं २०२१ मध्ये दाखवलं, आणि महाप्रसरणाच्या सगळ्यात साध्या काही मांडण्या त्यातच बाद झाल्या. चिलीतल्या अटाकामा वाळवंटात सायमन्स वेधशाळा आता याहून बारीक शोध घेते आहे. तिथे लहरी सापडल्या तर महाप्रसरण किती ऊर्जेला झालं हे कळेल आणि त्यावरून कमीत कमी किती दुपटी लागल्या याचा अंदाजही बांधता येईल. सापडल्या नाहीत तर महाप्रसरण खोटं ठरणार नाही, ते कमी ऊर्जेला झालं असेल एवढंच म्हणता येईल. टीकाकारांचा खरा रोष याच पळवाटेवर आहे, आणि तो मला योग्य वाटतो.